तीन वर्षांत पैसे वसूल, पण कोणाच्या घरात?

वाचकाचं पत्र

«ताई, नमस्कार. मी कोल्हापुरात घरांच्या छतांवर सोलर बसवून देतो. स्वतःचं काम नवीनच सुरू केलंय. एक रील तयार आहे, तिच्याखाली टाकायला मजकूर हवाय. आमच्याकडचे बाकीचे लिहितात, ‹लाईटबिल शून्य, तीन वर्षांत पैसे वसूल, ७८ हजार सरकारकडून फुकट, २५ वर्षं वीज मोफत.› मी खरं लिहायला बसलो की सगळीकडे ‹अंदाजे›, ‹साधारण›, ‹अटी लागू› असंच होतं. ते वाचून फोन कोण करणार? बायको म्हणते, सगळे लिहितात तर तुम्हीही लिहा. मन धजत नाही, पण धंदाही चालला पाहिजे. ३ किलोवॅटचा माझा दर १ लाख ९५ हजार आहे. अनुदान, बचत आणि किती वर्षांत पैसे वसूल होतील, हे कसं लिहू?»
– एक सोलरवाला, कोल्हापूर

उत्तर

खरं लिहायचं म्हणजे आकडे लहान करायचे आणि शब्द मऊ करायचे, असं तुम्ही धरून चालला आहात. मला ते पटत नाही. ‹तीन वर्षांत पैसे वसूल› हे वाक्य काही घरांत अगदी खरं ठरतं, आणि त्याच गल्लीतल्या दुसऱ्या घरात त्याच ३ किलोवॅटला अकरा-बारा वर्षं लागतात. हा आकडा कोणत्या घराचा आहे ते सांगितलं जात नाही, फसवणूक तिथे होते. त्यामुळे तुम्हाला ‹अंदाजे› हा शब्द नको आहे. तुमच्या मजकुरात एक घर हवं आहे, त्याच्या लाईटबिलासकट.

दोन घरांचा हिशोब मांडून बघू. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी आकारलं जातं: पहिली १०० युनिटं, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, आणि त्यापुढची. टप्पा चढला की युनिटाचा दर चढतो, आणि पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाताना तो सर्वात जास्त जाणवतो. वहन आकार आणि १६ टक्के वीज शुल्क धरून पहिल्या टप्प्याचं युनिट ७ रुपये, दुसऱ्याचं १३ आणि तिसऱ्याचं १७ असे गोल आकडे मी उदाहरणापुरते घेते. स्थिर आकार यात धरत नाही, कारण सोलर असो वा नसो, तो लागतोच. तुम्ही गिऱ्हाइकाच्या ताज्या बिलावरचेच दर घ्या.

पहिलं घर महिन्याला सरासरी ३२० युनिटं वापरतं. दोन पिढ्या एकत्र, गिझर, फ्रिज, उन्हाळ्यात एसी. पहिल्या १०० युनिटांचे ७०० रुपये, पुढच्या २०० चे २,६०० आणि वरच्या २० चे ३४०, म्हणजे महिन्याला ३,६४०. या घरावर ३ किलोवॅट बसवलं आणि महिन्याला सरासरी ३०० युनिटं मिळाली, तर बिलात २० युनिटं उरतात, तीही पहिल्या टप्प्यातली, १४० रुपयांची. महिन्याला ३,५०० वाचले, वर्षाला ४२,०००. तुमचे १ लाख ९५ हजार वजा ७८ हजार अनुदान, म्हणजे घरमालकाच्या खिशातून गेले १ लाख १७ हजार. ते तीन वर्षांच्या आतच वसूल होतात. म्हणजे इथे तुमच्या स्पर्धकाचं वाक्य खरं आहे.

दुसरं घर महिन्याला ११० युनिटं वापरतं. नवरा-बायको, मुलगा शिकायला बाहेर. त्यांचं बिल ७०० अधिक १३०, म्हणजे ८३० रुपयांचं. छतावर ३ किलोवॅट बसवलं तरी महिन्याला ८३० पेक्षा जास्त वाचणार कुठून? वर्षाला दहा हजारांच्या आत, आणि १ लाख १७ हजार वसूल व्हायला पावणेबारा वर्षं. उरलेली वीज ग्रीडला जाते खरी, पण आर्थिक वर्ष संपताना न वापरलेल्या युनिटांना मिळणारा दर ही माणसं भरतात त्या दराच्या जवळपासही नसतो. त्या आशेवर जास्त क्षमता विकू नये.

या दुसऱ्या घराला मात्र नाही म्हणायची गरज नाही. त्यांना १ किलोवॅट द्या. तुमचा १ किलोवॅटचा दर ७५ हजार धरला, तर ३० हजार अनुदान वजा जाऊन ४५ हजार उरतात. महिन्याला १०० युनिटं मिळाली तर बिल ७० रुपयांवर येतं, वर्षाला ९ हजारांच्या वर वाचतं, आणि पाच वर्षांच्या आसपास पैसे परत येतात. ‹तुम्हाला तीन नको, एक पुरे› असं सांगणारा माणूस बाजारात क्वचित भेटतो. तुमची सगळ्यात जोरदार ओळ हीच आहे, आणि तिच्यात ‹अटी लागू› कुठेच नाही.

आता वर मी महिन्याला ३०० युनिटं का धरली ते सांगते. बरेच जण किलोवॅटमागे दिवसाला ४ युनिटं सरसकट धरतात, म्हणजे ३ किलोवॅटला वर्षाला ४,३८०. मी मुद्दाम ३,६०० धरली. आपल्याकडे जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं असतं, जुलैत तर कित्येक दिवस ऊन दिसत नाही. गगनबावडा, राधानगरीकडे गेलात तर आणखी कमी धरावं लागेल. दुसरं कारण गळीत हंगामाचं. साखर कारखान्याच्या आसपासच्या गावांत चिमणीची काजळी आणि पेटवलेल्या पाचटाची राख छतावर येऊन बसते. पांढरा शर्ट वाळत घातला तर संध्याकाळी काळे ठिपके दिसतात, तेच पॅनेलवर पडतात. ऊन चांगलं असतं नेमक्या त्याच महिन्यांत, आणि पाऊस नसल्याने ते आपोआप धुऊन जात नाही. कारखान्याजवळच्या गिऱ्हाइकाला हंगामात आठवड्या-दोन आठवड्यांनी सकाळी लवकर, काच तापायच्या आधी, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसायला सांगा. नुसतं वरून पाणी मारलं तर तेलकट काजळी निघत नाही.

पेठांमधल्या घरांची अडचण वेगळी. ३ किलोवॅटला साधारण ३०० चौरस फूट सावलीमुक्त जागा लागते. शेजारी तीन मजली इमारत उभी असेल किंवा आपलीच पाण्याची टाकी दक्षिणेला असेल, तर हिशोब बदलतो. उन्हाळ्यात छत पाहून होकार देऊ नका. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे झुकतो आणि त्याच टाकीची सावली बरीच लांब पडते. पॅनेल एका रांगेत एकमेकांना जोडलेले असतात, त्यामुळे एका पॅनेलवरची सावली सगळ्या रांगेला मागे खेचू शकते. सकाळी ९ ते दुपारी ३ या वेळात जागा मोकळी राहते का, हे बघूनच आकडा द्या.

‹लाईटबिल शून्य› ही ओळ मात्र टाकूच नका. युनिटं शून्यावर आली तरी स्थिर आकार लागतोच, म्हणून बिल येतच राहतं. एखाद्या महिन्यात ते शंभर-दोनशेच्या आसपास असेल, पण शून्य नसेल. जुलै-ऑगस्टमध्ये तर त्याहून जास्त येऊ शकतं. एप्रिल-मेमध्ये जादा तयार झालेली युनिटं खात्यात जमा राहतात आणि पावसाळ्यात वळती होतात, तेवढा आधार असतो. पण जमा खातं ३१ मार्चला मिटवलं जातं, त्यामुळे फेब्रुवारी-मार्चचं जादा उत्पादन पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकत नाही. हे ज्याला आधी सांगितलं नाही, तो माणूस ऑगस्टमध्ये बिल घेऊन तुमच्या दुकानात येतो, आणि येताना शेजाऱ्यालाही घेऊन येतो.

त्याच दमात आणखी एक गोष्ट लिहा, जी जवळजवळ कोणीच लिहीत नाही. बॅटरी नसलेलं साधं ग्रीडला जोडलेलं सोलर, लाईट गेली की बंद पडतं, भर दुपारी ऊन असलं तरी. खांबावर चढलेल्या लाईनमनला छतावरून आलेल्या विजेचा झटका बसू नये म्हणून सोलरचा इन्व्हर्टर स्वतःहून थांबतो. ही सुरक्षेची सोय आहे, बिघाड नाही. पण ‹आता लाईट जाणारच नाही› या समजुतीने पैसे भरलेल्या माणसाला ती बिघाडच वाटते.

आता अनुदान. ‹पीएम सूर्य घर: मुफ्त बिजली योजना› फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. पहिल्या २ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्या किलोवॅटला १८ हजार, म्हणजे १ ला ३० हजार, २ ला ६० हजार, ३ ला ७८ हजार. त्यापुढे वाढ नाही. ५ किलोवॅट बसवलं तरी ७८ हजारच. म्हणून ‹७८ हजार फुकट› हे वाक्य २ किलोवॅट घेणाऱ्यासाठी सरळसरळ चुकीचं आहे.

याहून मोठी चूक ‹फक्त १ लाख १७ हजारांत ३ किलोवॅट› असं लिहिण्यात होते. गिऱ्हाईक तेवढेच पैसे घेऊन येतं. अनुदान मिळतं ते शेवटी: pmsuryaghar.gov.in वर अर्ज, नोंदणीकृत विक्रेत्याची निवड, बसवणी, घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारा नेट मीटर, महावितरणची तपासणी, प्रकल्प चालू झाल्याचं प्रमाणपत्र, मग बँक खात्याची माहिती भरली की पैसे थेट ग्राहकाच्या खात्यात. तोपर्यंत पूर्ण १ लाख ९५ हजार त्यानेच उभे करायचे असतात, स्वतःचे किंवा बँकेच्या कर्जातून. कर्ज घेतलं तर व्याज वसुलीच्या हिशोबात धरा. पैसे ग्राहकाच्या खात्यात येतात, तुमच्या नाही, हेही स्पष्ट लिहा. ‹अनुदान आम्ही मिळवून देतो› यापेक्षा ‹कागदपत्रं आम्ही भरतो, मंजुरी आमच्या हातात नाही› हे खरं आहे.

पात्रतेच्या अटी साध्या आहेत: घर स्वतःचं, पॅनेल बसतील असं छत, घरगुती वीजजोडणी, आणि आधी सोलर पॅनेलसाठी दुसरं अनुदान घेतलेलं नसावं. अडतं ते नावावर. आपल्याकडे कितीतरी घरांत वडील जाऊन बरीच वर्षं झाली तरी लाईटबिल त्यांच्याच नावावर येतं, कारण कोणाला कधी गरजच पडली नाही. अर्ज त्या ग्राहक क्रमांकावर होतो, आणि बँक खातं असतं मुलाच्या नावावर. मग सोलर छतावर बसलेलं असतं आणि अनुदान अडकलेलं. पॅनेल मागवायच्या आधी बिलावरचं नाव, आधारवरचं नाव आणि बँक पासबुकावरचं नाव एका टेबलावर ठेवून ताडून बघा. जुळत नसेल तर आधी महावितरणकडे नावबदल, मग बाकी सगळं. दुकानाचा व्यावसायिक मीटर असेल तर हे अनुदान नाही, मग खाली दुकान आणि वर घर असं असलं तरी घराचा मीटर वेगळा लागेल.

आणि पॅनेल देशी सेलचेच हवेत, ज्यांना धंद्यात डीसीआर म्हणतात. बाहेरचे सेल वापरलेले पॅनेल स्वस्त असतात, म्हणून तुमच्यापेक्षा बरंच कमी कोटेशन दिसलं तर बहुतेक वेळा फरक तिथेच असतो. त्या पॅनेलवर हे अनुदान मिळत नाही. पॅनेलच्या अनुक्रमांकावरून ते तपासता येतं, म्हणून कोटेशनवर कंपनी, मॉडेल आणि डीसीआर असल्याचा उल्लेख लेखी द्या. माझ्या वाचकांपैकी जे स्वतः सोलर घ्यायच्या विचारात असतील, त्यांनीही हा उल्लेख मागून घ्यावा. तो न देणाऱ्याला आगाऊ रक्कम देऊ नये.

‹२५ वर्षं मोफत› बद्दल थोडक्यात. पॅनेलच्या उत्पादनाची हमी बहुधा २५ वर्षांची असते, तीही हळूहळू घटत शेवटी ८० टक्क्यांच्या आसपास येणारी. इन्व्हर्टर तेवढा टिकत नाही. मधे एकदा तरी तो बदलायला लागेल असं धरा. योजनेत पहिली पाच वर्षं देखभाल तुमच्यावर आहे, ती ठळक लिहा, कारण तो शब्द तुम्ही पाळू शकता. विजेचे दर आणि युनिटं वळती करण्याचे नियम महाराष्ट्र वीज नियामक आयोग ठरवतो आणि बदलतोही. पंचवीस वर्षांची एकूण बचत लाखांत लिहिणारा माणूस आयोगाच्या वतीने शब्द देतो आहे.

वसुलीचा काळ मी ‹३ ते ४ वर्षं› असा लिहीन. कारण सांगते. पहिल्या घरातली मुलगी लग्न होऊन गेली, मुलगा नोकरीला पुण्याला गेला, आणि वापर ३२० वरून २५० वर आला. आता वाचणारी रक्कम महिन्याला २,६५० च आहे, वर्षाला ३१,८००, आणि वसुली पावणेचार वर्षांवर गेली. छत तेच, ऊन तेच, पॅनेल तेच. म्हणूनच वापर सांगितल्याशिवाय वर्षं सांगता येत नाहीत, आणि पल्ला दिला तर तो कशामुळे आहे हेही सांगता येतं.

हे सगळं रीलखाली मावणार नाही. तेवढ्यासाठी मी असं लिहीन:

«सोलरचे पैसे किती वर्षांत वसूल होतील? ते तुमच्या लाईटबिलावर ठरतं.

महिन्याला सरासरी ३२० युनिटं वापरता? ३ किलोवॅट, खर्च १,९५,०००. ही रक्कम आधी तुम्ही भरायची. तपासणी पूर्ण झाल्यावर ७८,००० अनुदान थेट तुमच्या खात्यात. वसुली ३ ते ४ वर्षांत.

महिन्याला ११० युनिटं? तुम्हाला ३ किलोवॅट नको. १ किलोवॅट पुरे, अनुदान ३०,०००, वसुली ५ ते ६ वर्षांत.

बिल कमी होतं, शून्य होत नाही. पावसाळ्यात वीज कमी तयार होते. लाईट गेली की बॅटरीशिवायचं सोलरही थांबतं.

अनुदानासाठी: स्वतःचं घर, घरगुती मीटर, बिल-आधार-बँक खात्यावर एकच नाव, आधी सोलर अनुदान घेतलेलं नसावं. डीसीआर पॅनेल, पाच वर्षं देखभाल, दोन्ही लेखी.

बिलाच्या दोन्ही बाजूंचा फोटो पाठवा. तुमच्या घराचा हिशोब करून देतो. परवडणार नसेल तर तसं सांगतो.»

शेवटचे पाच शब्द काढू नका. आणि बिलाचा फोटो मागण्याचं कारण फक्त ओळख वाढवणं नाही. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा युनिट वापर छापलेला असतो. एका मे महिन्याच्या बिलावरून क्षमता ठरवली तर गिऱ्हाईक एसीच्या दोन महिन्यांसाठी वर्षभराचे पैसे मोजतं. बाराही महिन्यांची बेरीज करा, बाराने भागा, मग वरचा हिशोब लावा. जे घर वर्षभरात मोजकेच महिने उघडं असतं, जसं मुंबईला राहणाऱ्यांचं गावचं घर, त्याला बहुधा नाहीच म्हणावं लागेल.

कोणी खाली प्रतिक्रियेत विचारलं, «अमुक तर शून्य बिल म्हणतोय», तर त्या माणसाचं नाव घेऊन वाद घालू नका. «त्यांच्याकडून स्थिर आकार आणि जुलैच्या बिलाचं लेखी घ्या, मिळालं तर जरूर त्यांच्याकडून बसवा» एवढं लिहा. दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींवर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ खाली तक्रार होऊ शकते, ती वाट गिऱ्हाइकाला आहेच.

मजकुराच्या तळाशी महिना आणि वर्ष घाला, ‹या महिन्याच्या दरांनुसार› असं. घरगुती दर बदलले की त्या दिवशी जुनी रील काढा, दोन्ही घरांचा हिशोब नव्या दरांनी पुन्हा करा, आणि वसुलीची वर्षं बदलत असतील तर बदललेलीच टाका.